आली का?

आईचा फोन दर महिन्याच्या अठरा-एकोणीस तारखेला येतो. आधी पावसाचं, मग भाताचं, मग शेजारच्या काकींच्या गुडघ्याचं बोलून होतं आणि सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता ती विचारते, "आली का?" काय आली, ते ती कधीच म्हणत नाही. मी "आली" म्हणते, ती "बरं झालं बाई" म्हणते. तिला वाटतं मी बरी झाले. मी बरी झालेली नाही. मला येते ती पाळी गोळ्यांनी आणलेली असते. हा फरक समजायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, तेव्हा आईला दोष कुठल्या तोंडानं देऊ?

मी चोवीस वर्षांची होते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात हिशेब बघत होते, घर वडगावात. पाळी आधी चाळीस दिवसांनी, मग दोन महिन्यांनी यायला लागली. घरात माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती, त्यामुळे आईनं फार वाट न बघता मला जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चार प्रश्न विचारले, "हल्लीच्या मुलींना हे असतंच" म्हणाले आणि एकवीस गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं. एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस थांबायचं, त्या सात दिवसांत पाळी येईल. आली. घड्याळ लावल्यासारखी यायला लागली. मी चौदा महिने त्या गोळ्या घेतल्या.

ती पाळी म्हणजे काय होतं, ते आता सांगते. गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं एक औषध असतं. ती चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवलं जातं, थांबवली की ते सुटतं आणि रक्तस्राव होतो. त्यात ओव्हरीचा काडीचाही हात नसतो. ओव्हरी ठणठणीत असो की पूर्ण थंड पडलेली असो, गोळी थांबवल्यावर रक्त येणारच. म्हणजे चौदा महिने आम्ही ज्या खुणेवर विश्वास ठेवला, ती खूण गोळीची होती.

खरी खूण त्या सात दिवसांत होती. गोळी थांबली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीतून वर, मानेवर, कानापर्यंत आग चढायची. मिनिट-दोन मिनिटं राहायची आणि मग घामानं ब्लाउज ओला व्हायचा. रात्री दोनदा उठून मी पंखा वाढवायची. नवीन पाकीट सुरू झालं की सगळं गायब. बेळगावात डिसेंबरात स्वेटर घालून झोपतात आणि मी चादर फेकून देत होते. आई म्हणाली पित्त असेल. मीही कोकमाचं सरबत पीत राहिले. हे मी आता ओळखीच्या प्रत्येक मुलीला सांगते: गोळीच्या सुट्टीतच अंगातून वाफा येत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांग. गोळी चालू असताना तिच्यातलं इस्ट्रोजेन शरीराची उणीव भरून काढतं, आणि सुट्टी लागली की उणीव उघडी पडते.

याच काळात माझी हार्मोनची तपासणीही झाली होती. एफएसएच नऊ. रिपोर्टवर नॉर्मल. तो कागद मी अजून ठेवलाय. रक्त दिलं त्या सकाळी मी बारावी की तेरावी गोळी घेतलेली होती, आणि गोळी चालू आहे का हे कुणी विचारलं नाही.

एफएसएच म्हणजे मेंदूच्या खालच्या पिट्यूटरी ग्रंथीनं ओव्हरीला मारलेली हाक. ओव्हरीतून ओ आली, म्हणजे इस्ट्रोजेन आलं, की हाक खाली येते. ओ आली नाही की आवाज चढत जातो. बाहेरून गोळीतलं इस्ट्रोजेन मिळत असेल तर पिट्यूटरीला वाटतं ओ आली, आणि ती गप्प बसते. माझे नऊ हे त्या फसलेल्या शांततेचे नऊ होते.

पुढे मी स्वतःच गोळ्या बंद केल्या. कंटाळा आला होता, दुसरं काही शहाणपण नव्हतं. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. पाळी नाही. वाफा आता रोज. ऑफिसात आकडे जुळवताना डोकं धुक्यात असल्यासारखं व्हायचं. मग एका मैत्रिणीनं हुबळीच्या एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं. हुबळीपर्यंत सरकारी बसला बायकांना आता कर्नाटकच्या शक्ती योजनेचं शून्याचं तिकीट मिळतं, तेव्हा मिळत नव्हतं. आई दोघींच्या तिकिटाचे पैसे रुमालाच्या गाठीतून सोडवत होती ते मला आठवतं.

बाई कन्नड. मराठी समजायची, बोलताना अडायच्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. कधीपासून, कधी बंद केली, बंद असताना काय होतं. मी वाफांचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. चार महिने पाळी नाही आणि गोळीही नाही, म्हणजे आता रक्त खरं बोलेल, असं काहीतरी त्या म्हणाल्या. एफएसएच आलं अठ्ठ्याहत्तर. इस्ट्रोजेन जवळपास नाहीच. चाळिशीच्या आत, चार महिने किंवा जास्त पाळी अनियमित किंवा बंद, आणि एफएसएच पंचवीसच्या वर, एवढ्यावर हे निदान होतं. पूर्वी चार आठवड्यांच्या अंतरानं दोनदा तपासायचे. आता चित्र स्पष्ट असेल तर एकदा पुरतं, शंका असेल तर पुन्हा. माझं सहा आठवड्यांनी पुन्हा केलं, कारण आईला पहिला रिपोर्ट पटला नव्हता. चौऱ्याऐंशी आलं.

"नोडम्मा," बाई म्हणाल्या, "नाव मोठं आहे. प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इनसफिशियन्सी. फेल्युअर म्हणायचे आधी. मी म्हणत नाही. ओव्हरी कधी कधी मधेच जागी होते."

आईनं विचारलं, "म्हणजे हिची पाळी गेली?"

बाईंनी मान हलवली, आणि ती हो होती की नाही हे आम्हा दोघींना बसमध्येही ठरवता आलं नाही.

कारण शोधायला बरंच रक्त गेलं. गुणसूत्रं बघितली, ती ४६ एक्स-एक्स, म्हणजे नेहमीसारखीच. एफएमआर-१ नावाच्या एका जनुकाची तपासणी केली, कारण काही घरांत हा प्रकार त्या वाटेनं चालत येतो, तीही साफ. अ‍ॅड्रिनल ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती. थायरॉइडविरुद्धची मात्र होती. शरीर आपल्याच ग्रंथींवर उठतं, तसं ओव्हरीवरही उठलं असेल का? असू शकतं, पण ते सिद्ध करता येत नाही. बहुतेकींच्या बाबतीत कारण सापडतच नाही, हे बाईंनी सरळ सांगितलं. त्या मोकळ्या जागेत मग घरच्यांनी आपापली कारणं आणून ठेवली. हॉस्टेलचं जेवण, संकष्टीचे उपास, मोबाइल, कुणाची तरी नजर. एका काकूंनी सौंदत्तीच्या यल्लम्माची ओटी राहिली असेल म्हणून सांगितलं. आई जाऊन भरून आली. मी अडवलं नाही.

वडिलांनी मात्र एकच वाक्य बोललं आणि गप्प झाले. "आमच्या अक्काचं असंच झालं होतं."

अक्का म्हणजे माझी कडोलीची आत्या. तिच्याकडे येईनच.

गोळ्या सुरू झाल्या. रोज दोन मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओल, आणि महिन्याच्या एक ते बारा तारखेपर्यंत रात्री झोपताना दोनशे मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉन बारा तारखेला संपलं की दोन-चार दिवसांनी स्राव होतो. म्हणून आईचा फोन अठरा तारखेला.

मी विचारलं होतं की मग जुनं एकवीस गोळ्यांचं पाकीटच का नको, इस्ट्रोजेन तर त्यातही आहे. बाईंनी हिशेब घातला आणि मी हिशेबवाली असल्यानं तो लगेच पटला. दर अठ्ठावीस दिवसांत सात दिवस सुट्टी, म्हणजे वर्षाचे बावन्नपैकी तेरा आठवडे हाडं उपाशी. शिवाय पाकिटातलं इस्ट्रोजेन कृत्रिम आणि जास्त जोराचं. या गोळीतलं मात्र शरीर स्वतः बनवतं तेच. काही मुलींना पाकीट सोयीचं पडतं, मूल नको असेल तर दोन्ही कामं त्यातच होतात. पण हाडांसाठी ही वाट बरी. हाडांची घनता मोजणारा माझा डेक्सा स्कॅन केला तेव्हा कमरेच्या मणक्यांचा झेड-स्कोअर वजा २.१ आला, म्हणजे माझ्याच वयाच्या मुलींच्या मानानं बराच कमी. पंचविशी-सव्विशीत हाडं खरं तर भरत असतात. माझी ओसरत होती.

खडेबाजारातल्या औषधवाल्यानं पहिल्याच महिन्यात चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघितलं. "आईसाठी का?" मी "माझ्यासाठी" म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला. "ताई, याच्यानं कॅन्सर होतो म्हणतात हां." पाकिटातल्या कागदावरही बारीक अक्षरांत तसंच काहीतरी होतं. मी दोन दिवस गोळी घेतली नाही.

ही भीती कुठून आली ते नंतर कळलं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले आणि जगभर बायकांनी या गोळ्या फेकल्या. त्या अभ्यासातल्या बायका पन्नास ते एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. पाळी वेळेवर गेलेल्या. त्यांच्या अंगात ज्या वयात इस्ट्रोजेन नसायचंच, त्या वयात ते वरून दिलं होतं. माझ्या वयात ते असायचंच असतं. माझ्या मैत्रिणींच्या ओव्हऱ्या जे फुकट देतात तेच मी दुकानातून आणते. पाळी जायचं नेहमीचं वय येईपर्यंत या गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका समवयस्क बायकांपेक्षा वाढत नाही. न घेण्याचा धोका मात्र हाडांना आहे, हृदयालाही आहे. त्यामुळे निदान पन्नाशीपर्यंत घ्यायच्या.

चूक मी केलीच, पण वेगळी. प्रोजेस्टेरॉननं झोप येते. रात्री घेतली तरी सकाळी आठपर्यंत डोळे उघडत नाहीत. एका वर्षी मार्चअखेरच्या हिशेबात मी जानेवारीपासूनच ती बारा दिवसांची गोळी गाळली. इस्ट्रोजेन तर रोज घेतेय, हाडांना तेच हवंय, मग हिचं काय अडलंय, असा माझा विचार. एप्रिलात स्राव सुरू झाला तो अकरा दिवस थांबेना. सोनोग्राफीत अस्तर पंधरा मिलिमीटर जाड. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं आणि प्रोजेस्टेरॉन त्याला आवरतं. आवरणारं काढून घेतलं आणि वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर त्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. औषधवाल्यानं सांगितलेला कॅन्सर खोटा होता, पण मी माझ्या हातानं दुसऱ्याची पायवाट पाडत होते. बाई त्या दिवशी कन्नडमध्ये रागावल्या. सगळं समजलं नाही, तेवढं बरं झालं.

लग्नाचं सांगायचं तर, तो निपाणीचा. दुसऱ्या भेटीत कॉलेज रोडवरच्या हॉटेलात मी सगळं सांगितलं, रिपोर्टच काढून दाखवले. त्याआधी दोन ठिकाणी सांगितलं होतं, आणि दोन्हीकडून आठवड्यात "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला होता. यानं रिपोर्ट उलटसुलट बघितला आणि विचारलं, "गोळ्या बंद केल्या तर तुला काय होतं?" मुलाचं विचारलं नाही, आधी हे विचारलं. मी हाडांचं सांगितलं. "मग बंद करायच्या नाहीत," म्हणाला. वर्षभरात लग्न झालं. सासूबाईंना "हार्मोनची गोळी" एवढंच ठाऊक आहे, आणि दर महिन्याला मी बाजूला बसत नसले तरी माझे चार दिवस त्यांच्या लक्षात येतात. त्यांचाही समज आईसारखाच.

इथेच या येणाऱ्या पाळीचा खरा घोळ आहे. ती दिसते म्हणून सगळ्यांना वाटतं मूल होईल. आणि ती गोळीची असल्यामुळे मला वाटायचं मूल होणारच नाही. दोन्ही चूक. ओव्हरी अधूनमधून जागी होते, एखादं बीज सुटतं, आणि अशा शंभरातल्या पाच-दहा जणींना आपसूक दिवस जातात. कुणाला, कधी, ते कुठल्याच तपासणीत आधी दिसत नाही. ही गोळी गर्भनिरोधक नाही. म्हणून प्रोजेस्टेरॉन संपल्यावर ठरल्या दिवसांत स्राव झाला नाही, तर गोळी विसरले का असा विचार करत बसण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट करायची. मी तीनदा केली आहे. तीनदा एकच रेघ.

दोन वर्षांनी आम्ही एका मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लिनिकात गेलो. काचेचा दरवाजा, भिंतीवर बाळांचे फोटो. तिथे आमच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक, जास्त ताकदीची इंजेक्शनं देऊन माझीच बीजं काढून बघू. दोन, आधी माझंच रक्त घेऊन त्यातल्या प्लेटलेट्स ओव्हरीत टोचू, त्यानं ओव्हरी पुन्हा तरुण होते. खर्चाचा कागद मिळाला. दोघांचा मिळून सात-आठ महिन्यांचा पगार.

परत येताना नवरा म्हणाला, "ती इंजेक्शनं कसली?" मी म्हटलं, एफएसएचची. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "पण तुझं ते आधीच चौऱ्याऐंशी आहे ना? हाक तर चालूच आहे. आणखी मोठ्यानं ओरडून काय होणार?" हाकेचं मीच त्याला कधीतरी समजावलं होतं. हुबळीच्या बाईंनीही वेगळं काही सांगितलं नाही. आणि प्लेटलेट्सच्या टोचणीबद्दल म्हणाल्या की तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही, संशोधनाबाहेर ती करू नये असंच सांगतात. टोचल्यावर एखादीला दिवस गेलेच, तर ते टोचण्यानं की त्या शंभरातल्या पाच-दहांपैकी ती होती म्हणून, हे कसं ओळखणार? मी हिशेबाची माणूस. ज्याची नोंद कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नाही, त्याला पैसे द्यायला माझा हात जात नाही. बीजं गोठवून ठेवण्याचा सल्लाही अनेकजण देतात. ते ओव्हरी चालू असताना करायचं. चोवीसाव्या वर्षी, वाफा सुरू व्हायच्या आधी, कुणी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

राहतं दुसरीचं बीज. माझं गर्भाशय चांगलं आहे. ओव्हरी थांबली म्हणून ते थांबत नाही, त्याला फक्त हार्मोन वेळेवर मिळावं लागतं. तीच इस्ट्रॅडिओलची गोळी, पण दिवसाला सहा मिलिग्रॅमपर्यंत, साधारण दोन आठवडे. अस्तर सात-आठ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन, आणि मग पाच दिवसांचा गर्भ आत सोडायचा. यशाचा हिशेब माझ्या वयावर नाही, बीज देणारीच्या वयावर होतो.

धाकट्या बहिणीला हे कळल्यावर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माझी घे की. मला काय करायचीत इतकी?" मला हसूही आलं आणि रडूही. पण एक तर तिचीच तपासणी आधी करायला हवी होती, कारण हे एका घरात दोघींना असू शकतं. (केली. तिचं चांगलं आहे.) आणि दुसरं, २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज नोंदणी झालेल्या बँकेमार्फतच यायला लागतं. देणारी तेवीस ते पस्तीस वर्षांची, आयुष्यात एकदाच देणार, आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. जन्मणारं मूल कायद्यानं आमचंच, देणारीचा त्याच्यावर हक्क नाही. सात हा आकडा मी घरी येऊन वहीत लिहिला. सातांतली किती फळतील, किती पाच दिवस टिकतील, शेवटी एक की दोन हातात येतील. कुणा अनोळखी बाईची आयुष्यातली ती एकच वेळ. आम्ही अजून ठरवलेलं नाही. दत्तक घेण्यासाठीही नाव नोंदवलंय. दोन्ही रांगांत उभे आहोत, असं नवरा म्हणतो.

आत्याचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात कडोलीत ती भाताच्या बांधावर घसरली, हातावर पडली, मनगट मोडलं. अठ्ठावन्न वय. प्लास्टर झालं आणि सगळे म्हणाले, वय झालं. मला मात्र वडिलांचं ते वाक्य आठवलं. विचारलं तर म्हणाली, एकतिसाव्या वर्षी गेली तिची. त्याआधी मूल नव्हतं, नंतर नवऱ्यानं दुसरी केली, आणि ही ट्रंक घेऊन माहेरी आली. तिची पाळी का गेली हे कुणी बघितलं नाही, कारण तिला वांझ म्हणून झाल्यावर बघण्यासारखं कुणाला काही उरलं नव्हतं. म्हणजे एकतीस ते पन्नास, जवळजवळ वीस वर्षं, तिच्या हाडांना थेंबभर इस्ट्रोजेन मिळालं नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर तिला बेळगावात आणून डेक्सा केला. माझा स्कॅन झाला त्याच टेबलावर ती पातळ सावरून झोपली. टी-स्कोअर वजा ३.२. हाडं ठिसूळ. या वयाला आता माझ्या गोळ्या सुरू करत नाहीत. तिला आठवड्याला एक घ्यायची हाडांची गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

बाहेर बाकावर बसून मी तिला माझ्या गोळ्यांचं सांगितलं, पहिल्यांदाच. तिनं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं.

"ही मला तेव्हा मिळाली असती तर पोर झालं असतं काय गे?"

"नाही आत्या. पोर नाही. हाडं राहिली असती."

"एवढीशी गोळी," ती म्हणाली, आणि पाकीट माझ्या पर्समध्ये परत घालून चेन लावली. "किती पडते?"

मी किंमत सांगितली. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, बहुतेक वर्षं.

आता रविवारी सकाळी मी तिला फोन करते. ती गोळी घेऊन कट्ट्यावर ताठ बसलेली असते, अर्धा तास. "झाला का अर्धा तास?" ती विचारते, कारण घड्याळ आत असतं. मी म्हणते, अजून दहा मिनिटं. मग ती विचारते, "आणि तुझी? घेतलीस?"

आली का, असं ती कधीच विचारत नाही.